सही त्यांची, अक्षर माझं

'कोऱ्या चिठ्ठ्यांवर डॉक्टरांच्या सह्या घेऊन ठेवा, असं तुम्हीच सांगितलं होतं, साहेब. बैठकीत, माइकवर, पन्नास जणांसमोर. आता तुम्ही म्हणता, असं काही तुम्ही बोललाच नाहीत. मग आम्ही पन्नास जण बहिरे झालो होतो की तुमची जीभ तेव्हा दुसऱ्याची होती?'

भावना शिरसाटने आपल्या चर्चापत्राची सुरुवात अशी केली. पहिल्यांदा लिहिली ती खोडून टाकली. मग तिने तेच वाक्य स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवलं.

चर्चापत्र अकोल्याच्या एका नर्सिंग कॉलेजने मागवलं होतं. प्रगत परिचर्या शिकणाऱ्या मुलामुलींसमोर वाचायचं. विषय लांबलचक होता : प्राथमिक आरोग्यसेवेत परिचारिकेची वाढीव भूमिका आणि तिच्या मर्यादा. तिथे शिकवणाऱ्या वर्षाली मॅडमचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "भावना, पुस्तकातलं आम्ही शिकवतोच. तू उपकेंद्रातलं सांग. खरं काय होतं ते."

खरं सांगायचं म्हटलं की आधी स्वतःपासून सुरुवात करावी लागते. तिथेच तर गोम होती.

भावना मोर्शी तालुक्यातल्या सावरदऱ्याच्या उपकेंद्रात सामुदायिक आरोग्य अधिकारी होती. नाव भारदस्त, नोकरी कराराची. मूळची नर्स, बीएस्सी नर्सिंग, वर सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा अभ्यासक्रम. काम काय? गावातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी आणि साखर तपासायची. ज्याचं जास्त निघेल त्याला डॉक्टरांकडे पाठवायचं. डॉक्टर एकदा निदान करून औषध ठरवतात. मग तेच औषध, त्याच डोसने, दर महिन्याला उपकेंद्रातून भावनाने द्यायचं. दर तीन महिन्यांनी मात्र डॉक्टरांनी पेशंट पाहून चिठ्ठी नवी करायची. आकडा बिघडला, डोस बदलावासा वाटला, तर थांबायचं आणि व्हिडिओवरून डॉक्टरांना विचारायचं, नाहीतर पेशंटला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं. चालू ठेवणं तिच्या हातात, बदलणं त्यांच्या. रेषा इतकी सरळ होती.

रेषेवर पहिला पाय पडला तो सोयीचा. सावरदरा संत्र्याचं गाव. दिवाळीच्या सुमाराला आंबिया बहराची तोडणी आली की बाया पहाटेपासून बागेत, नाहीतर माल निवडायच्या शेडमध्ये. केंद्राचे डॉक्टर शेखर गावात बुधवारी यायचे. बुधवारी एकही बाई फिरकायची नाही. मजुरी कोण सोडेल? बाया यायच्या त्यांना वेळ मिळेल तेव्हा, आणि तेव्हा डॉक्टर नसायचे. डॉक्टरांकडे अशी सहा गावं, शिवाय केंद्रातली साठ-सत्तरची ओपीडी. माणूस वाईट नव्हता. भरल्या ओपीडीतून व्हिडिओ कॉल उचलायला त्याला चार हात नव्हते, एवढंच.

मग अमरावतीच्या बैठकीत जिल्हा आरोग्य कार्यालयातल्या साहेबांनी पडद्यावर तक्ता लावला आणि म्हणाले, "फॉलोअप शंभर टक्के पाहिजे. डॉक्टर नाहीत हे कारण मला चालणार नाही. कोऱ्या चिठ्ठ्यांवर डॉक्टरांच्या सह्या घेऊन ठेवा, काम थांबू देऊ नका." शेखर डॉक्टरांनी दर महिन्याला पन्नास चिठ्ठ्यांवर सह्या करायला सुरुवात केली. भावना त्या कपाटात ठेवायची, कापसाच्या गठ्ठ्याखाली. पेशंट आला की त्याचं चालू औषध त्या चिठ्ठीवर लिहायचं. रांगा संपल्या. सावरदऱ्याचे चौऱ्याण्णव टक्के पेशंट 'फॉलोअप पूर्ण' दिसू लागले. साहेबांनी तिचं नाव घेऊन टाळ्या वाजवायला लावल्या. भावनाने त्या घेतल्या. पत्रात तिने हेही लिहिलं : 'टाळ्या मी घेतल्या. मला बरं वाटलं.'

आणि मग माणिकबाई आली.

माणिकबाई माळ्याची, साठीला टेकलेली. सव्वा एकराची बाग आणि तोंडाचा पट्टा. गेली चार वर्षं साखरेची गोळी घेत होती : मेटफॉर्मिन दोन वेळा आणि सकाळी ग्लिमेपिराइड एक मिलिग्रॅम. साखर कायम ताब्यात. त्या मंगळवारी ती शेडमधून तशीच आली, पदराला हात पुसत.

"लवकर कर व माय, गाडी भरून राह्यली. मुकादम बोंबलते."

भावनाने स्पिरिटने बोट पुसलं, टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. दोनशे शहाऐंशी.

"काय खाल्लं, आजी?"

"काई नाई. सकाळची कोरी चाय."

"संत्री खाल्ली असतील."

"तूच नाई म्हनलं ना! चार वर्स झाले, बागेत राहून एक फोड तोंडात नाई टाकली मी. खुशीले सोलून देतो, तं बोटं बी चाटत नाई."

खुशी तिची नात. भावना हसली. तिथेच ते वाक्य तिच्या कानावर आलं आणि निघून गेलं.

तिने डॉक्टरांना कॉल लावला. कट झाला. पुन्हा लावला. पुन्हा कट. माणिकबाई दारात उभी राहून बाहेर पाहत होती. बाहेर अजून पाच बाया. भावनाच्या डोक्यात हिशेब सरळ होता : दोनशे शहाऐंशी म्हणजे डोस अपुरा, डॉक्टरांनी उचलला असता तर त्यांनी दोन मिलिग्रॅमच केला असता, मला आठ वर्षं झाली, एवढं मला कळत नाही का? तिने कपाट उघडलं, कापसाखालून चिठ्ठी काढली, आणि सहीच्या वर लिहिलं : ग्लिमेपिराइड दोन मिलिग्रॅम.

आजवर त्या चिठ्ठ्यांवर ती चालू औषध लिहीत आली होती. तेही नियमात बसत नव्हतं, पण त्याने कोणाचं काही बिघडलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा तिने बदल लिहिला. पेनाला काही फरक कळला नाही.

चौथ्या दिवशी अकरा वाजता गावची आशा कार्यकर्ती मोनालीचा फोन आला. "ताई, शेडात या. माणिकबाई पडली. घामानं भिजली, बोलून नाई राह्यली."

भावना बॅग घेऊन धावली. शेडमध्ये संत्र्यांच्या ढिगाशेजारी माणिकबाई आडवी होती. अंग थंडगार, लुगडं घामाने ओलं, डावं मनगट विचित्र वाकलेलं. डोळे अर्धे उघडे, हाक मारली तर नुसतं कण्हणं. बाया भोवती जमलेल्या. कोणी म्हणत होतं, भाकर न खाताच कामाला लागली. कोणी म्हणत होतं, ऊन लागलं. नोव्हेंबरात!

भावनाने उजव्या हाताचं बोट स्पिरिटने पुसलं, टोचलं. एकशे अडुसष्ट.

तिने यंत्राकडे पुन्हा पाहिलं. साखर ठीक, मग हे काय? पण समोरचं शरीर सांगत होतं साखर उतरली आहे. तिने असे पेशंट वॉर्डात पाहिले होते. यंत्र एक सांगतंय, माणूस दुसरं. तिने माणिकबाईची बोटं पाहिली. नखांत पिवळं, टोकं चिकट. नाकाशी नेली. संत्रं.

"पानी आना! गुंड आना तो इकडे!"

बायांनी पाण्याचा हंडा पुढे सरकवला. तिने तो हात गुंडातल्या पाण्याने खसाखसा धुतला, कोरडा केला, दुसरं बोट टोचलं. चौतीस.

एकाच बाईच्या एकाच हाताचे दोन आकडे, मध्ये फक्त एक गुंडभर पाणी. एकशे अडुसष्ट ही संत्र्याची साखर होती. आणि मंगळवारचे ते दोनशे शहाऐंशी? ते विचारायला तेव्हा वेळ नव्हता. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर घालायची नाही, श्वासनलिकेत जाते. साखरेचं पाणी घेऊन आलेल्या बाईला तिने हाताने मागे सारलं आणि डॉक्टरांना फोन लावला. ह्या वेळी त्यांनी उचलला.

"सर, चौतीस. शुद्ध नाही. शीर मिळतेय."

"पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज, शंभर मिली, शिरेतून, सावकाश. शीर नीट आहे ना ते पाहत राहा. एकशे आठ बोलवा. मी लाइनवर आहे."

मोनालीने रुग्णवाहिकेसाठी एकशे आठला फोन केला. भावनाने सुई लावली, औषध सोडलं. अर्ध्याहून थोडं अधिक गेलं तेव्हा माणिकबाईने डोळे पूर्ण उघडले आणि पहिला प्रश्न केला, "गाडी गेली का?"

बाया रडत हसल्या. मोर्शीच्या दवाखान्यात तिला दोन दिवस ठेवलं. त्या गोळीचा असर लांबतो, साखर परत उतरू शकते. मनगटाला प्लास्टर लागलं. ऐन तोडणीत उजवा हात तेवढा शाबूत राहिला.

त्या संध्याकाळी उपकेंद्रात एकटी बसून भावनाने एक संत्रं सोललं. बोट स्पिरिटने पुसून स्वतःची साखर तपासली : दोनशे एकेचाळीस. साबणाने हात धुऊन पुन्हा : शहाण्णव. तिला साखरेचा आजार नव्हता. स्पिरिट जंतू मारतं, फळाची साखर काढत नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं असं नाही. 'हात धुऊन कोरडे करा' ही ओळ पुस्तकात होती. संत्र्याच्या गावात आठ वर्षं राहून तिने ती कधी वाचल्यासारखी वाचली नव्हती.

माणिकबाईची साखर वाढलीच नव्हती. वाढवला तो फक्त डोस. भावनाने.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात गेली. शेखर डॉक्टरांनी दार लोटून घेतलं.

"सिस्टर, चिठ्ठीवर सही माझी आहे. कोणी काही विचारणार नाही. तुम्ही गप्प, मी गप्प. बाई वाचली ना?"

"अक्षर माझं आहे, सर."

"अक्षर कोण पाहते? लोक तुमचे पाय धरून राहिले की जीव वाचवला म्हणून."

ते खरं होतं. माणिकबाईचा मुलगा क्रेटभर संत्री घेऊन आला होता. ती क्रेट कोपऱ्यात तशीच पडली होती, आणि भावनाला तिच्याकडे बघवत नव्हतं.

तीन दिवसांनी ती माणिकबाईच्या घरी गेली आणि सगळं सांगितलं. आकडा, संत्रं, कोरी चिठ्ठी, एकाचे दोन. माणिकबाई प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. बोलली तेव्हा आवाज खाली होता, म्हणून जास्त लागला.

"म्हंजे मी त्या पोरीले फोडी सोलून दिल्या, सोता एक नाई खाल्ली, तुयं आयकलं, आन् त्याच्याच पायी पडलो."

"हो, आजी."

"तं मले इचारलं काहून नाई, हात धुतला का म्हनून?"

"चुकले मी."

"चुकली तं चुकली. डाक्तर बी चुकते." माणिकबाईने डावा हात उचलून पाहिला, परत ठेवला. "पन डाक्तरनं इचारलं असतं ना काईतरी? दोन डोस्के असते तं एकानं तरी म्हनलं असतं, थांब बापा, बुडीची साखर चार वर्स चांगली होती, आज काय झालं? तू त्याची सही घेतली, डोस्कं नाई घेतलं." मग ती भावनाकडे वळली. "शेडात चाळीस बाया हायेत. समद्यायचे हात असेच. त्यायचं काय करतं?"

भावना उठली ती ठरवूनच. उपकेंद्राच्या दारात तिने साबण आणि बादली ठेवली. हात धुतल्याशिवाय सुई नाही. आकडा आधीच्या आकड्यांशी जुळला नाही तर पुन्हा तपासणी, आणि मग डॉक्टर. कोऱ्या चिठ्ठ्या वापरणं त्याच दिवशी बंद. आणि झाली ती घटना जशीच्या तशी लिहून तिने अमरावतीला पाठवली, स्वतःच्या नावाने. खाली तीन मागण्या : कोणती औषधं मी चालू ठेवू शकते ते लेखी द्या, डोस बदलायची वेळ आली तर मी कोणाला विचारायचं आणि त्याने फोन किती वेळात उचलायचा ते लेखी द्या, कोऱ्या सह्यांची पद्धत बंद केल्याचं लेखी द्या.

दोन महिने उत्तर नाही. दरम्यान सावरदऱ्याचे चौऱ्याण्णव टक्के एकसष्टवर आले, कारण आता डॉक्टरांनी स्वतः नव्या केलेल्या चिठ्ठीशिवाय फॉलोअप 'पूर्ण' असं लिहिलं जात नव्हतं. एकसष्टसाठी मात्र साहेबांच्या सहीचं पत्र आठ दिवसांत आलं : कामगिरीत घसरण, खुलासा करावा, मार्चअखेरच्या करारनूतनीकरणात विचार केला जाईल. घटनेबद्दल त्यात एकच ओळ होती : चिठ्ठीवर वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही असल्याने अनियमितता आढळत नाही, कोऱ्या सह्या घेण्याची सूचना कधीही दिलेली नाही.

ती ओळ वाचून भावना इतकी संतापली की तिला हसू आलं. आणि त्याच आठवड्यात वर्षाली मॅडमचा फोन आला होता.

अकोल्याला निघायच्या आदल्या दिवशी साहेबांचा फोन. आवाज गोड. "भावनाताई, मी पण येतोय उद्या. पाहुणा म्हणून. तुमचा पेपर मॅडमनी पाठवला. छान आहे. फक्त सुरुवात आणि चौथं पान काढा. तुमच्या चांगल्यासाठी सांगतोय. मार्च जवळ आहे."

चौथ्या पानावर माणिकबाई होती.

नवरा धम्मदीप शाळेत शिक्षक. तो म्हणाला, "नोकरी गेली तं आपण उपाशी नाई मरत. पण तू ते पान काढलं तं मले घरात तुयं तोंड पाहावं लागते रोज. इचार कर." हे त्याचं प्रोत्साहन.

सभागृहात साठेक विद्यार्थी होते, बहुतेक नोकरी करून शिकणारे. पहिल्या रांगेत साहेब. भावनाने पहिलं वाक्य वाचलं तेव्हा मागचा कुजबुजाट बंद झाला. साहेबांनी मोबाइल उलटा ठेवला. चौथं पान तिने सर्वांत हळू वाचलं : दोनशे शहाऐंशी, एकशे अडुसष्ट, चौतीस, दोनशे एकेचाळीस, शहाण्णव. मुलं आकडे लिहून घेत होती.

वाचून झाल्यावर मधल्या रांगेतून नागसेन नावाचा एक जण उठला. धारणीकडे नोकरी करणारा, आवाजात धार.

"ताई, एक सांगा. आमच्याकडे डॉक्टर आठ-आठ दिवस येत नाही. मग नर्सले डोस वाढवायचा अधिकार पाह्यजे का नाई पाह्यजे? तुमचा किस्सा आयकून उद्या हे लोक म्हनतील, पाहा, नर्सच्या हाती औषध देलं की बुडी पडते."

हशा पिकला, पण टोचणारा. भावना ह्याच प्रश्नाची वाट पाहत होती.

"पाहिजे. मी तर म्हणते पाहिजेच. शिकलेल्या नर्सने ठरलेल्या पायऱ्यांनी साखरेचा, बीपीचा डोस बदलावा. पण तो अधिकार असतो कसा? आधी शिक्षण, आणि त्याची परीक्षा. मग कागद : कोणती औषधं, कोणता पेशंट, किती आकड्याला किती, एका आकड्यावर बदल करायचा की दोन दिवसांच्या, आणि कोणत्या पेशंटला हात लावायचा नाही. मग फोनच्या दुसऱ्या टोकाला माणूस. आणि शेवटी चिठ्ठीवर माझं नाव, माझी सही, चुकले तर माझी चौकशी. ह्यातलं माझ्याजवळ काय होतं? कापसाखालची कोरी चिठ्ठी. तो अधिकार नव्हता. ती चोरून दिलेली जबाबदारी होती."

"म्हंजे अधिकार असता तं चुकल्या नसत्या?"

"चुकले असते. हात धुतले नाहीत ही चूक अधिकाराने झाकत नाही. पण पायऱ्या लिहिलेल्या असत्या तर पहिली पायरी 'हात धुवा, पुन्हा तपासा' असती. आणि चिठ्ठीवर माझं नाव असतं तर दुसऱ्या दिवशी कार्यालयाने मला विचारलं असतं, काय झालं. आज कागद म्हणतो काहीच झालं नाही. म्हणून उद्या दुसऱ्या गावात दुसरी बाई पडेल. मर्यादेची भीती वाटून घेऊ नका. मर्यादा लेखी असली तर तिच्यावर उभं राहून भांडता येतं. तोंडी मर्यादा फक्त आपल्याला अडकवायच्या कामाची."

नागसेन खाली बसला नाही. "मग ताई, करार?"

"मार्चमध्ये कळेल."

साहेब उठले. चेहऱ्यावर पाहुण्याचं हसू. "विषय संवेदनशील आहे. भावनाताईंच्या भावना आपण समजू शकतो. ह्यावर आपण कार्यालयात, नंतर, शांतपणे बोलू."

भावनाने पिशवीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. एकतीस उरल्या होत्या. प्रत्येकीच्या खाली तीच सही, वरची जागा रिकामी. तिने तो गठ्ठा साहेबांच्या पुढ्यात ठेवला, आणि शेजारी तिच्या अहवालाची प्रत, तीन मागण्यांवर पेनाने गोल केलेली.

"नंतर नाही, साहेब. दोन महिने नंतरच होतं. माझी चूक मी लिहून दिली आहे, तिची शिक्षा असेल ती द्या, मी घेते. पण ह्या एकतीस चिठ्ठ्या माझ्या कपाटात कोणाच्या सांगण्यावरून आल्या? आणि माणिकबाईची चिठ्ठी नियमात बसत असेल, तर कोणत्या नियमात? इथे साठ जण वही उघडून बसलेत. नियमाचा क्रमांक सांगा."